अडीच अब्जांचे पाच अब्ज

मागच्या महिन्यात पुण्याहून एका मित्राचा फोन आला. त्याने जुन्या वाड्याच्या एका भागाची दुरुस्ती काढली आहे. कंत्राटदाराने सुरुवातीला बारा लाख सांगितले होते, आता काम अर्ध्यावर आल्यावर म्हणतो की अठरा होतील. मित्र वैतागला होता. मी त्याला विचारलं, "का होतील ते सांगितलं का?" तर म्हणाला, "सांगितलं ना. म्हणाला, साहेब, महागाई."

ह्या एका शब्दावर आम्ही अर्धा तास बोललो, आणि बोलता बोलता मी त्याला आमच्या इथल्या पुलाची गोष्ट सांगितली. फोनवर ती नीट सांगून झाली नाही, म्हणून आता लिहून काढतो आहे.

सॅन फ्रान्सिस्को म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना तो लाल गोल्डन गेट ब्रिज आठवतो. हिंदी सिनेमांनी त्याला पुरेसा प्रसिद्ध केला आहे. पण इथल्या लोकांचा रोजचा, घामाचा पूल तो नव्हे. तो मान बे ब्रिजचा. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड ह्या दोन शहरांच्या मधे खाडी आहे, खाडीच्या मधे येर्बा बुएना नावाचं एक बेट आहे, आणि बे ब्रिज म्हणजे खरं तर दोन पूल आहेत: एक सॅन फ्रान्सिस्कोपासून बेटापर्यंत, दुसरा बेटापासून ओकलंडपर्यंत. दोन्ही १९३६ साली सुरू झाले. ही गोष्ट दुसऱ्याची, म्हणजे पूर्वेकडच्या पुलाची. मी ओकलंडच्या बाजूला राहतो, बरीच वर्षं रोज ह्या पुलावरून नोकरीला गेलो, आणि धंद्याने स्ट्रक्चरल इंजिनीयर आहे, त्यामुळे ह्या पुलाबद्दल माझं मन काही अगदी तटस्थ नाही.

१७ ऑक्टोबर १९८९ ला संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी इथे लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. तीव्रता ६.९. पूर्वेकडचा पूल दुमजली होता: वरच्या मजल्यावरून एका दिशेची वाहतूक, खालच्या मजल्यावरून दुसऱ्या दिशेची. त्या पंधरा-वीस सेकंदांत वरच्या मजल्याचा सुमारे पन्नास फुटांचा तुकडा निखळून खालच्या मजल्यावर पडला. पुलावर एक जीव गेला. महिन्याभरात तुकडा बदलून पूल पुन्हा सुरूही केला. पण एक प्रश्न त्या दिवसापासून उभा राहिला: पुढच्या, ह्याहून मोठ्या भूकंपात ह्या पुलाचं काय होणार?

आधी डागडुजीचा विचार झाला. मग हिशेब करता करता लक्षात आलं की जुना पूल भूकंपाला तोंड देईल इतका बळकट करायचा तर जो खर्च येतो, त्यात थोडी भर घातली की नवा पूलच होतो. कॅलिफोर्निया राज्याचं रस्ते-पुलांचं खातं आहे, त्याला कॅलट्रान्स म्हणतात. म्हणजे आपल्याकडचं सार्वजनिक बांधकाम खातं म्हणा. कॅलट्रान्सने नवा पूल बांधायचं ठरवलं, आणि १९९७ साली राज्याच्या कायदेमंडळाने कायदा करून त्याच्यासाठी साधारण १.३ अब्ज डॉलर मंजूर केले. खर्चाचा एक भाग टोलवाढीतून यायचा होता. तोपर्यंत एक डॉलर असलेला टोल १९९८ मध्ये दोन डॉलर झाला.

आता १९९७ च्या त्या आकड्याकडे जरा थांबून बघा. तेव्हा पुलाचं डिझाइन झालेलं नव्हतं. खाडीच्या तळाशी भोकं पाडून माती तपासायचं काम पुरं झालेलं नव्हतं. पूल कसा दिसणार हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. आकडा होता तो एका साध्या, खांबांवर उभ्या असलेल्या सरळसोट काँक्रीटच्या पुलाला समोर धरून काढलेला. त्याला आम्ही अंदाज म्हणतो खरं, पण कायद्यात छापला गेला की तो अंदाज राहत नाही. गिऱ्हाइकाच्या डोक्यात तो भाव होऊन बसतो.

पुढे काय झालं? स्थानिक लोकांना साधा पूल नको होता. पलीकडे गोल्डन गेट, अलीकडे बे ब्रिजचाच पश्चिमेकडचा सुरेख झुलता पूल, आणि आमच्या ओकलंडच्या वाट्याला काय तर फ्लायओव्हर? ही भावना अगदीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही. कायद्यातही सोय होती की शोभेसाठी, सायकलच्या मार्गासाठी जास्तीचा पैसा लागला तर इथल्या लोकांनी तो टोलमधून भरावा. तज्ज्ञांची समिती बसली, आणि १९९८ साली प्रादेशिक मंडळाने निवड केली ती एकाच मनोऱ्याच्या, स्वतःलाच बांधलेल्या झुलत्या पुलाची.

हे 'स्वतःलाच बांधलेला' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढच्या पैशाचं बरंचसं मूळ तिथे आहे. नेहमीच्या झुलत्या पुलात जाडजूड केबल मनोऱ्यांवरून जाते आणि तिची दोन्ही टोकं किनाऱ्यावर मोठाल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत, खडकात पुरलेली असतात. केबलचा सगळा ताण जमीन घेते. बांधताना आधी मनोरे, मग केबल, आणि मग त्या केबलला टांगत टांगत रस्त्याचे तुकडे. खाली नुसतं पाणी असलं तरी चालतं. पण इथे ओकलंडच्या बाजूला खोल चिखल आहे, टोक पुरायला खडक नाही. म्हणून केबलची टोकं रस्त्याच्या पोलादी पेटीलाच बांधायची. धनुष्य डोळ्यासमोर आणा: दोरी ताणलेली आहे आणि तो ताण धनुष्याची काठीच पेलते आहे, बाहेरून कुणी धरलेलं नाही.

दिसायला सुंदर. पण विचार करा, काठी नसताना दोरी कशाला बांधणार? म्हणजे इथे आधी सगळा रस्ता पुरा करायचा आणि मग केबल ओढायची. आणि केबल नसताना तो रस्ता कशावर उभा राहणार? तर त्याच्या खाली दुसरा एक तात्पुरता पोलादी पूल बांधायचा, त्यावर हा पूल रचायचा, केबल ताणून वजन तिच्यावर घ्यायचं, आणि मग तात्पुरता पूल काढून टाकायचा. मधला मुख्य गाळा ३८५ मीटरचा, मनोरा १६० मीटर उंच. ह्या जातीचा इतका मोठा गाळा जगात कुणी बांधलेला नव्हता. जे कुणी बांधलेलं नाही त्याचा भाव कंत्राटदार काय लावेल, हे मागच्या कामांच्या दरांवरून काढता येत नाही. आणि अंदाजपत्रकं तर मागच्या दरांवरूनच काढतात.

मधल्या काळात वेळही गेला. पूल बेटावर कुठे टेकवायचा ह्यावरून दोन्ही शहरांचे महापौर आणि बेटाची मालक असलेली नौसेना ह्यांच्याशी वाद झाला, माती तपासायला बेटावर जाऊ देण्यावरून अडवाअडवी झाली. २००१ साली कायदेमंडळाला पहिल्यांदा सांगावं लागलं की पैसे पुरणार नाहीत. नवा आकडा आला २.६ अब्ज, म्हणजे चार वर्षांत दुप्पट. नवा कायदा झाला, बे ब्रिज आणि राज्याचे बाकीचे टोलपूल मिळून भूकंपाच्या सगळ्या कामांसाठी राखीव निधीसकट सुमारे ५.१ अब्ज डॉलर ठरले. २००२ च्या सुरुवातीला ओकलंडच्या बाजूच्या लांबलचक काँक्रीट पुलाचं काम सुरू झालं. रोज जुन्या पुलावरून जाताना शेजारी नवे खांब वर येताना दिसायचे. बरं वाटायचं.

मग आला २६ मे २००४. झुलत्या भागाच्या निविदा उघडण्याचा दिवस. निविदा आली एकच. अमेरिकन पोलाद वापरायचं तर १.८ अब्ज, परदेशी चाललं तर १.४ अब्ज. कमीतला आकडा धरला तरी तो खात्याच्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट.

मी तेव्हा ओकलंडमधल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत होतो. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. सगळ्यांना वाटलं की आता आठ-दहा दिवसांत कॅलट्रान्स कायदेमंडळापुढे जाईल. प्रत्यक्षात त्यांचा अहवाल कायदेमंडळाला मिळाला १६ ऑगस्टला. म्हणजे पावणेतीन महिन्यांनी.

त्या अहवालात होतं असं: पूर्वेकडचा पूल २.६ नव्हे, ५.१ अब्जांना पडेल. राज्यातल्या सगळ्या टोलपुलांच्या भूकंपकामांचा मिळून खर्च ५.१ वरून ८.३ अब्जांवर जाईल. कमी पडताहेत ३.२ अब्ज. कारणं अशी दिली होती: पोलादाचे भाव चढले, कारण चीनमध्ये मागणी वाढली होती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमा आणि हमीपत्रं महाग झाली. इतकं मोठं काम अंगावर घेणारे कंत्राटदार थोडे, त्यामुळे स्पर्धा नाही. आणि पूल अवघड.

ह्यातलं एकही कारण खोटं नव्हतं. पोलाद त्या वर्षी खरंच भडकलं होतं, आमच्या छोट्या कामांतही ते जाणवत होतं. पण आता वजाबाकी करा. झुलत्या भागाची निविदा दुप्पट झाली, म्हणजे त्यातली वाढ पाऊण अब्जाच्या आसपास. पुलाची एकूण वाढ अडीच अब्ज. उरलेला पैसा कुठला? तो बाकीच्या कंत्राटांचा, खात्याच्या स्वतःच्या इंजिनीयरांच्या आणि सल्लागारांच्या खर्चाचा, लांबलेल्या वेळेचा, आणि आधी पुरेसा न ठेवलेल्या राखीव निधीचा. हे सगळं २६ मे च्या सकाळी अचानक उगवलेलं नव्हतं. ते महिनोन्‌महिने साठत होतं. राज्याच्या ऑडिटरने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अहवाल दिला, त्यात नेमका हाच ठपका होता की खर्चावर नीट लक्ष ठेवलं नाही आणि वाढतो आहे हे कायदेमंडळाला वेळेवर कळवलं नाही. पोलाद आणि एकुलती एक निविदा ही बातमी होण्यासारखी कारणं होती, म्हणून ती पुढे आली. बाकीची हळूहळू झिरपणारी होती.

आणि तारीख. मला ह्या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकते ती तारीख. कॅलिफोर्नियाच्या कायदेमंडळाचं अधिवेशन त्या वर्षी ऑगस्टअखेर संपणार होतं, आणि निविदेची मुदत होती ३० सप्टेंबरपर्यंत. म्हणजे गिऱ्हाइकाला सांगितलं की ३.२ अब्ज कमी पडताहेत, आणि उत्तर द्यायला दिले दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांत उत्तर राज्याने सगळे भरावे किंवा खाडीवाल्यांनी सगळे भरावे, ह्यापलीकडे कुठे जाणार होतं? लॉस एंजेलिसकडचे आमदार म्हणाले, शोभेचा पूल तुम्हाला हवा होता, तुम्ही भरा. इथले म्हणाले, पूल राज्याचा आहे आणि चूक राज्याच्या खात्याची. अधिवेशन संपलं. सप्टेंबरअखेर निविदाही बाद झाली.

ह्याच्याशी ताडून बघण्यासारखी एक छोटी गोष्ट त्याच उन्हाळ्यात माझ्या स्वतःच्या टेबलावर घडली, ती इथेच सांगतो. आमच्याकडे विटांची एक जुनी दुमजली वखार होती. इथे असल्या बिनसळईच्या विटांच्या इमारती भूकंपासाठी बळकट कराव्या लागतात: भिंती छपराला आणि मजल्याला लोखंडी बोल्टांनी बांधायच्या, गरज असेल तिथे आत पोलादी चौकट उभी करायची. डिझाइन आमचं, कंत्राटदारही आम्हीच नेमलेला. अंदाज दिला होता दोन लाख दहा हजार डॉलर. काम सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि एका कोपऱ्यात पाया उघडला, तर खाली काँक्रीट नव्हतंच. नुसती विटांच्या तुकड्यांची भर. शिवाय विटा जॅकने ढकलून चुन्याची ताकद तपासतात, ती आम्ही धरली होती त्याहून बरीच कमी भरली. आणि त्याच दिवशी मी नकाशे पुन्हा मोजायला घेतले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मागच्या बाजूच्या छपराची एक कड मी बोल्टांच्या हिशेबात धरलीच नव्हती.

माझा विचार असा की सगळं नीट डिझाइन करून, पक्का आकडा काढून, मगच मालकाला सांगावं. दोन-तीन आठवडे लागले असते. माझे तेव्हाचे बॉस म्हणाले, "त्या दोन-तीन आठवड्यांत मजूर कुणाच्या पैशाने काम करणार आहेत?" त्यांनी त्याच संध्याकाळी मालकाला फोन केला, की पाया सापडला नाही, खर्च वाढणार, किती ते शुक्रवारी सांगतो, तोपर्यंत त्या कोपऱ्याचं काम थांबवतो. आणि शुक्रवारी दोन पानी पत्र गेलं.

पत्र मी लिहिलं आणि त्यांनी तीनदा परत केलं. पहिल्यांदा मी सगळी वाढ एकत्र लिहिली होती: ९१,००० डॉलर, कारण 'अनपेक्षित परिस्थिती'. (पुण्याच्या कंत्राटदाराची महागाई आणि माझी अनपेक्षित परिस्थिती ह्या सख्ख्या बहिणी.) त्यांनी ती फोडायला लावली. पायासाठी ५८,०००. कमकुवत चुन्यामुळे लागणाऱ्या जादा चौकटीसाठी २४,०००. राहिलेल्या कडेच्या बोल्टांसाठी ९,०००. आणि ह्या तिसऱ्या ओळीपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: ही आमची मोजणीतली चूक. मला घाम फुटला. ते म्हणाले, बघ, बोल्ट तर लागणारच होते, तू बरोबर मोजलं असतंस तर सुरुवातीलाच दोन लाख एकोणीस हजार सांगितले असते. बोल्टांचे पैसे मालकाने द्यायचेत. आपण त्याला फसवलं ते आश्चर्य देऊन. म्हणून त्या भागाच्या डिझाइनची फी आपण घ्यायची नाही. चूक म्हणजे पूर्ण वाढ नव्हे, आणि चूक म्हणजे शून्यही नव्हे, हा फरक मला त्या दिवशी कळला.

दुसऱ्यांदा परत आलं ते पर्यायांसाठी. मी एकच लिहिला होता, की ३,०१,००० द्या आणि काम पुरं करा. त्यांनी आणखी दोन घालायला लावले. एक असा की आत्ता भिंती छपराला बांधून घ्यायच्या, कठडे बळकट करायचे, म्हणजे रस्त्यावर विटा कोसळण्याचा धोका जातो, त्याला १,८८,०००. पाया आणि चौकट दोन वर्षांत, त्याला १,३५,०००. एकूण २२,००० जास्त पडतील, आणि मधल्या काळात मोठा भूकंप झाला तर इमारत वापरण्याजोगी राहील असं आम्ही म्हणू शकत नाही. दुसरा पर्याय, थांबा. आजवर ६४,००० खर्च झालेत, खड्डे बुजवून आवरायला १२,०००, म्हणजे ७६,००० ला गोष्ट संपते, पण नगरपालिकेची नोटीस कायम राहते. मी म्हटलं, थांबायचा पर्याय आपण कशाला सुचवायचा? ते म्हणाले, तो त्याच्या डोक्यात असणारच आहे, फक्त त्याचा भाव त्याला माहीत नाही.

तिसऱ्यांदा परत आलं ते स्पेलिंगच्या चुकांसाठी. असो.

मालकाने दोन टप्प्यांचा पर्याय घेतला. बावीस हजार जास्त देऊन. त्याच्याकडे त्या वर्षी एवढेच पैसे होते, आणि हे आम्हाला पत्र लिहिताना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

आता परत पुलाकडे. निविदा बाद झाल्यावर, म्हणजे जे काम आधी व्हायला हवं होतं ते नंतर, पर्यायांचा खरा अभ्यास सुरू झाला. तीन वाटा होत्या. पहिली, झुलता पूल तसाच ठेवून पुन्हा निविदा मागवायच्या. दुसरी, त्याच्या जागी मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूसारखा तिरप्या केबलींचा पूल करायचा. त्यात केबली आणि रस्ता बरोबरच पुढे सरकतात, खाली तात्पुरता पूल लागत नाही. तिसरी, शोभा सोडून द्यायची आणि ओकलंडकडचा काँक्रीटचा साधा पूलच बेटापर्यंत न्यायचा. डिसेंबर २००४ मध्ये गव्हर्नर श्वार्झनेगरच्या सरकारने ह्या तिसऱ्या वाटेची शिफारस केली. काही शे दशलक्ष डॉलर वाचतील असं गणित होतं.

कागदावर तिसरी वाट स्वस्त होती ह्यात शंका नाही. १९९७ साली ती घेतली असती तर आजही मी तिच्या बाजूने बोललो असतो. पण २००५ साली प्रश्न बदललेला होता. झुलत्या भागाचं डिझाइन पुरं झालेलं, त्याचे पैसे दिलेले. मनोऱ्याच्या पायाचं कंत्राटही देऊन झालेलं. नवा आराखडा म्हणजे पर्यावरणाच्या, जहाजांच्या मार्गाच्या परवानग्या पुन्हा, आणि त्यासाठी वर्षं. ती सगळी वर्षं गाड्या त्याच १९३६ च्या पुलावरून जाणार, जो भूकंपात टिकणार नाही म्हणून तर नवा बांधायचा होता. बचत झालीच तर किती आणि उशिराचा धोका किती, ह्यावर तज्ज्ञांत एकमत नव्हतं. अर्धवट काम झाल्यावर स्वस्त पर्यायसुद्धा महाग होतो, कारण त्याच्या किमतीत आधीच्या पर्यायाला सोडण्याची किंमत मिळवावी लागते. सागरी सेतूचाही अनुभव वेगळा नाही. ६६० कोटींचा म्हणून निघालेला तो सेतू २००९ मध्ये सुरू झाला तेव्हा १६०० कोटींच्या घरात गेला होता, आणि वरळीच्या कोळ्यांच्या होड्यांना वाट हवी म्हणून मधेच आराखडा बदलणं हे त्यातलं एक कारण होतं.

शेवटी जुलै २००५ मध्ये तोडगा निघाला. झुलता पूल राहिला. राज्याने ६३ कोटी डॉलर घातले, बाकीचा भार खाडीवाल्यांवर: २००७ पासून टोलमध्ये आणखी एक डॉलर. पूर्वेकडच्या पुलासाठी सुमारे ५.५ अब्ज, आणि शिवाय सगळ्या कार्यक्रमासाठी ९० कोटींचा राखीव निधी, वेगळा, सगळ्यांना दिसेल असा मांडलेला. माझ्या मते त्या कायद्यातली खरी मोलाची गोष्ट पैशाची नव्हती. कॅलट्रान्सच्या डोक्यावर तिघांची समिती बसवली: एक खात्याचा, एक टोल गोळा करणाऱ्या प्राधिकरणाचा, एक राज्याच्या परिवहन आयोगाचा. म्हणजे ज्याचे पैसे आहेत त्याचा माणूस पहिल्यांदा टेबलाशी आला. आणि दर तिमाहीला अहवाल, त्यात प्रत्येक कंत्राटाचा मंजूर आकडा, आजचा अंदाज, पुढे दिसणारे धोके आणि राखीव निधीतले किती उरले. मी ते अहवाल काही वर्षं नेमाने वाचले (माणसाला काहीतरी छंद हवाच). कंटाळवाणे होते. निधी दर वेळी थोडा खाली सरकायचा, कारण लिहिलेलं असायचं. पुन्हा १६ ऑगस्ट झाला नाही.

२००६ च्या मार्चमध्ये निविदा उघडल्या. ह्या वेळी केंद्र सरकारचा पैसा त्या कंत्राटातून बाजूला ठेवला होता, त्यामुळे अमेरिकन पोलादाची अट नव्हती. निविदा दोन आल्या. कमीची होती १.४३ अब्जांची. म्हणजे २००४ मध्ये जो आकडा ऐकून सगळे हबकले होते, जवळपास तोच. फरक इतकाच की ह्या वेळी अंदाजही त्याच्या आसपासच होता, म्हणून कुणी हबकलं नाही.

पोलादी पेट्या शांघायला बनल्या आणि जहाजातून आल्या. तात्पुरता पूल उभा राहिला, त्यावर खरा पूल रचला गेला, १७,३९९ तारांची एक अखंड केबल मनोऱ्यावरून आणि पुलाच्या टोकाखालून वळसा घालून नेली. २०१३ च्या मार्चमध्ये, उद्घाटनाला सहा महिने असताना, एका खांबावरचे ताणलेले जाड बोल्ट तुटायला लागले: ९६ पैकी ३२. ते मात्र लपवलं गेलं नाही. वर्तमानपत्रांत रोज शिमगा झाला, बोल्टांऐवजी पोलादी खोगीर घालून दुरुस्ती झाली, त्याला सुमारे अडीच कोटी डॉलर लागले. २ सप्टेंबर २०१३ ला पूल सुरू झाला. एकूण खर्च ६.४ अब्ज.

माझा जुना वखारवाला मालक त्याच्या पुढच्याच आठवड्यात मला भेटला. दुसरा टप्पा त्याने दोन वर्षांच्या ऐवजी चार वर्षांनी केला, आणि त्याला १,३५,००० च्या ऐवजी १,५२,००० पडले. आम्ही दर फक्त दोन वर्षांसाठी बांधून दिला होता आणि पत्रात तसं लिहिलंही होतं. त्याने ती गोष्ट स्वतःच काढली आणि हसला. मग पुलाकडे बोट करून म्हणाला, पूल झकास झालाय, पण मला एक सांग, मी ह्याचं पत्र कधी पाहिलं नाही, ते कुणाला पाठवलं होतं? मी म्हटलं, कायदेमंडळाला. तो म्हणाला, आणि टोल?

पुण्याच्या मित्राला मी सांगितलं आहे की कंत्राटदाराकडून सहा लाख ओळीओळीने फोडून लिहून घे, आणि आज थांबलो तर किती द्यावे लागतील तेही विचार. परवा त्याचा पुन्हा फोन आला होता. सहातले अडीच लाख वाळवी लागलेल्या तुळयांचे निघाले, ते त्याने स्वतः जाऊन पाहिले. दीड लाख बायकोने मधेच बदललेल्या फरशीचे. दोन लाखांचं उत्तर अजून आलेलं नाही.